बेळगावचे चोवीस तास पाणी : लाभाचा नकाशा आणि घटक प्रकल्पांची गुंफण

प्रोग्रॅम मॅनेजमेंटच्या परीक्षांत एक प्रश्न या ना त्या रूपात हमखास येतो. सर्व घटक प्रकल्प वेळेत व अंदाजपत्रकात पूर्ण झाले, तरी कार्यक्रम अयशस्वी ठरू शकतो काय? उत्तर ‘होय’ असे आहे. ते का, हे समजून घेण्यासाठी बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा येथील अखंड पाणीपुरवठ्याच्या कार्यक्रमाइतके जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

जागतिक बँकेने २००४ साली ३ कोटी ९५ लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि कर्नाटक नागरी जलक्षेत्र सुधारणा कार्यक्रम उभा राहिला. या शहरांत त्या काळी नळाला काही दिवसांआड, तेही काही तासच पाणी येत असे. संपूर्ण शहर एकदम न घेता पाच प्रात्यक्षिक विभाग निवडण्यात आले. बेळगावात दोन आणि हुबळी, धारवाड व गुलबर्गा येथे प्रत्येकी एक असे ते विभाग होते. त्यांतील कामाचे व्यवस्थापन व्हिओलिया गटातील कंपनीकडे देण्यात आले. हा पहिला कार्यक्रम २०११ साली संपला.

प्रकल्प व कार्यक्रम यांतील भेद येथेच स्पष्ट होतो. जलवाहिनी टाकणे हा प्रकल्प आहे. त्याला आरंभ आहे, अंत आहे आणि मोजता येईल अशी निष्पत्ती आहे. ‘घरात चोवीस तास शुद्ध पाणी’ ही मात्र कोणत्याही एका प्रकल्पाची निष्पत्ती नव्हे. बेळगावपुरते पाहिले तर राकसकोप व हिडकल जलाशयांतून येणाऱ्या ठोक पाण्याची वाढ, विभागातील वितरण जाळे, घरोघरीच्या जोडण्या, मीटर, दरपद्धती आणि लोकांशी संवाद अशी निरनिराळी कामे एकत्र यावी लागतात. ती एकत्र आली तरच तो लाभ जन्मतो.

लाभाचा नकाशा, म्हणजेच बेनिफिट मॅप, या कामांना एका साखळीत ओवतो. डावीकडे प्रकल्पाची निष्पत्ती, तिच्यापुढे त्यातून मिळणारी क्षमता, मग लोकांच्या वा संस्थेच्या वागण्यात घडणारा बदल, त्यानंतर मोजता येणारा लाभ आणि अगदी उजवीकडे धोरणात्मक उद्दिष्ट अशी त्याची मांडणी असते. वाचायचा डावीकडून, पण काढायचा उजवीकडून. ‘जलजन्य आजार कमी व्हावेत’ येथून आरंभ करून ‘त्यासाठी काय बदलले पाहिजे?’ असे प्रत्येक पायरीला विचारत मागे यायचे. डावीकडून आरंभ केल्यास हाती असलेल्या कामांना शोभतील असे लाभ चिकटवले जातात. सरकारी अहवालांत हे नेहमी दिसते.

उदाहरणार्थ, नव्या वाहिन्या ही निष्पत्ती. वाहिनीत सतत दाब राखता येणे ही क्षमता. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण सारे कार्यकारणाचे मर्म या दाबात आहे. खंडित पुरवठ्यात पाणी बंद होताच वाहिनी रिकामी होते, तिच्यातील दाब कधी बाहेरच्या दाबाच्या खाली जातो आणि फुटक्या सांध्यांतून भोवतालचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. सतत दाब असला तर त्याच फटीतून पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही. म्हणून शुद्धता हा केवळ शुद्धीकरण केंद्राचा लाभ नसून दाबाचाही लाभ आहे.

पुढची पायरी वागण्याची. नळाला केव्हाही पाणी येते असा भरवसा वाटून कुटुंबाने पिंपे व हंडे भरून ठेवणे सोडले, तर साठवणुकीतील दूषितता टळते. हा बदल अभियंत्याच्या हाती नाही. नकाशातील हीच पायरी बहुधा रिकामी राहते.

आता परस्परावलंबन. नकाशा ‘काय कशामुळे घडते’ ते सांगतो. परस्परावलंबनाची नोंदवही ‘कोणी कोणाला, केव्हापर्यंत, काय द्यायचे’ ते सांगते. देणारा प्रकल्प, घेणारा प्रकल्प, वस्तू, ठरलेली तारीख आणि उशीर झाल्यास अडणारा लाभ या गोष्टी नोंदीत हव्यातच. शेवटचा रकाना वगळला की नोंदवही निव्वळ वेळापत्रक होऊन बसते.

पाणीपुरवठ्यातील अवलंबन एकेरी नसते. मीटर आणि अखंड पुरवठा यांचेच पाहा. खंडित पुरवठ्यात पाण्यापुढे रेटली जाणारी हवा मीटरचे चक्र फिरवते. ग्राहक हवेचे देयक भरण्यास नकार देतो, आणि तो चुकीचा नसतो. म्हणजे मीटरला अखंड पुरवठा हवा. उलट, मीटर नसेल तर वापराला आळा नाही आणि गळती कोठे आहे तेही कळत नाही. मग अखंड पुरवठा टिकत नाही. हा गुंता सोडवण्याचा मार्ग म्हणजे विभाग लहान करून त्याला उरलेल्या जाळ्यापासून झडपांनी वेगळा काढणे, आणि वाहिन्या, जोडण्या व मीटर हे सारे तेथे एकत्रच बदलणे. प्रात्यक्षिक विभागांची कल्पना या दृष्टीने पाहिली पाहिजे. अशा बंदिस्त विभागात पहाटे दोन ते चारच्या सुमारास आत येणारा प्रवाह मोजतात. त्या वेळी वापर जवळजवळ नसतो, तेव्हा वाहते ते बव्हंशी गळतीचे पाणी. हा आकडा महिन्यामागून महिना चढू लागला, तर लाभ ओसरत असल्याची ती पहिली खूण होय.

लाभ खरोखर मिळाला काय, याचे हुबळी-धारवाडमध्ये झालेले मोजमाप या क्षेत्रात मोलाचे मानले जाते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या नळांवरील ३१.७ टक्के नमुन्यांत ई-कोलाय जिवाणू आढळले, तर अखंड पुरवठ्याच्या नळांवर केवळ ०.७ टक्के नमुन्यांत. साखळीतील ‘सतत दाब ते शुद्ध पाणी’ हा दुवा सिद्ध झाला. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ३,९०० कुटुंबांच्या दुसऱ्या अभ्यासात पाच वर्षांखालील मुलांच्या अतिसारात एकंदरीत लक्षणीय घट दिसली नाही. गरीब कुटुंबांत मात्र रक्ती अतिसार कमी आढळला आणि टायफॉईड झाल्याचे सांगणारी घरेही अखंड पुरवठ्याच्या भागात कमी होती. अतिसाराला पाण्याखेरीज इतर वाटाही आहेत आणि अखंड पुरवठा मिळूनही अनेक घरांत पाणी साठवणे चालूच होते. म्हणजे नकाशाच्या उजव्या टोकाचा बाण पाण्याच्या प्रकल्पांपुरता काढणे अपुरे ठरते. स्वच्छतेची व सांडपाण्याची कामेही त्या बाणाला जोडावी लागतात.

गोव्यातील वाचकाला या शहरांच्या वाहिन्यांशी काय देणेघेणे, असे वाटू शकते. म्हादईच्या वादात कर्नाटकाने पिण्याच्या पाण्याची जी गरज पुढे केली, तीत हुबळी-धारवाड अग्रभागी आहे. जाळ्यातील गळती किती आणि नवे पाणी किती हवे, हे दोन प्रश्न एकाच नकाशावर येतात. पुढील उदाहरणात हेच गणित येते.

परीक्षेच्या धर्तीवरील तीन प्रश्न पाहू. आकडे काल्पनिक आहेत.

प्रश्न पहिला. निपाणीसारखे ७०,००० वस्तीचे एक नगर आहे. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी द्यायचे आहे. सध्याची गळती ४० टक्के. ‘अ’ प्रकल्प ठोक पाणी वाढवतो, ‘ब’ प्रकल्प जाळे बदलून गळती १५ टक्क्यांवर आणतो. दोन्ही प्रकल्पांचे अहवाल ‘संपूर्ण नगराला पुरेसे पाणी’ हा लाभ आपापल्या नावे दाखवतात. कार्यक्रम व्यवस्थापकाने काय करावे?

उत्तर : घरापर्यंतची गरज दररोज ९४.५ लाख लिटर. गळती ४० टक्के राहिली तर स्रोताकडून १५७.५ लाख लिटर घ्यावे लागतील. १५ टक्के झाली तर सुमारे १११.२ लाख. दोहोंतील फरक सुमारे ४६.३ लाख लिटरचा. ‘ब’ यशस्वी होणार असेल तर ‘अ’चा आकार त्या मानाने लहान ठेवता येतो. म्हणून लाभाची नोंद कार्यक्रमाच्या स्तरावर एकदाच करावी, त्याला एकच उत्तरदायी व्यक्ती नेमावी आणि ‘अ’ची क्षमता गोठवण्याआधी ‘ब’चा गळतीचा आकडा एका विभागात प्रत्यक्ष सिद्ध करून घ्यावा. दोन्ही अहवालांतील लाभांची बेरीज करणारा पर्याय परीक्षेत आकर्षक दिसतो, पण तो दुहेरी मोजणीचा आहे.

प्रश्न दुसरा. वितरण जाळे १४व्या महिन्यात, मीटर १६व्या, ठोक पाणी १८व्या आणि नव्या दरांचा ठराव २०व्या महिन्यात अपेक्षित आहे. सर्व बाबी पूर्ण झाल्याविना पुरवठा अखंड करायचा नाही, असे ठरले आहे. चालकाचा २४ महिन्यांचा देखभाल कालावधी जाळे पूर्ण होताच सुरू होतो. धोका कोणता?

उत्तर : लाभ २०व्या महिन्याच्या अखेरीस सुरू होईल, चालकाची मुदत मात्र ३८व्या महिन्याच्या अखेरीस संपेल. २४ महिन्यांची सेवा विकत घेऊन अखंड पुरवठ्याची परीक्षा १८ महिनेच होते. यात कोणताही प्रकल्प विलंबात नाही, म्हणून प्रकल्पांच्या मासिक अहवालांत हा दोष दिसणारच नाही. चालकाच्या मुदतीची सुरुवात जाळे पूर्ण होण्याऐवजी पुरवठा अखंड होण्याशी बांधावी. ठोक पाण्याला घाई करण्याचा पर्याय चुकीचा आहे. १८व्या महिन्याचे काम १५व्यात झाले तरी दरांचा ठराव २०व्यातच होणार. येथे अडवणारी बाब पालिकेच्या सभागृहात आहे, खोदलेल्या रस्त्यावर नाही.

प्रश्न तिसरा. मीटर बसल्यानंतर सार्वजनिक नळकोंडाळी बंद करायची आहेत. त्यामुळे भाडेकरू कुटुंबांचे मोफत पाणी जाईल. याची नोंद कोठे करावी : जोखमींच्या वहीत, अडचणींच्या वहीत, की लाभाच्या नकाशात?

उत्तर : लाभाच्या नकाशात, प्रतिलाभ म्हणून. जोखीम घडेल किंवा न घडेल. हा परिणाम योजनेतच अंतर्भूत असल्याने घडणारच आहे. त्याला लाभाप्रमाणेच माप, तारीख व उत्तरदायी व्यक्ती द्यावी, आणि परवडणाऱ्या जोडणीचे काम नळकोंडाळी बंद होण्याच्या आधीची अट म्हणून नोंदवहीत बांधून टाकावे.