चार लाल खुणा आणि न मारलेली बेरीज

बांगडा, सुरमई आणि कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा कोमट झाला की काही जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामाइन तळून जात नाही, शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. माशाला वास येतोच असंही नाही. म्हणून अशा माशाच्या बाबतीत नाकापेक्षा नोंदवहीवर जास्त विसंबावं लागतं.

अमेरिकेच्या एफडीएची मार्गदर्शिका सांगते, की पकडल्यावर नीट गार केलेला, पण न गोठवलेला असा मासा पुढे ४.४ अंश सेल्सिअसच्या वर एकूण ८ तासांपेक्षा जास्त राहू नये. मधे कधीही २१ अंशांवर गेला, तर फक्त ४ तास. हे तास सलग असावे लागत नाहीत. आज दीड, रात्री एक, पहाटे चार असे तुकड्यातुकड्यांनी साठत जातात आणि मासा परत गार झाला म्हणून शून्यावर येत नाहीत.

नोंदवही ही बेरीज करत नसेल तर काय होतं, हे दाखवायला कोकणातल्या एका केटररच्या कोल्डरूमची एक रात्र नमुन्यादाखल बांधली आहे. ऑक्टोबरचा उकाडा आहे आणि रविवारी दुपारी १२० पानांची पंगत आहे. लॉगर दर १५ मिनिटांनी हवेचं तापमान टिपतो. मर्यादा ४.४ अंशांची.

शनिवार, संध्याकाळी ५:१५. पंगतीला २० तास.
साफ करून तुकडे केलेला ८० किलो बांगडा ट्रेमध्ये आत येतो. बर्फातला मासा असता तर बर्फ वितळेपर्यंत त्याला आधार मिळाला असता, पण हा उघड्या ट्रेमध्ये आहे, एकावर एक रचलेला. दरवाजा उघडाच. हवा ९.६ अंशांपर्यंत चढते आणि ६:४५ ला मर्यादेत येते. पहिली लाल खूण: १ तास ३० मिनिटं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं जातं, ‘माल भरताना’.

शेरा खरा आहे, पण त्याच्या शेजारचा रकाना कोराच राहिला आहे: आत येताना माशाचं स्वतःचं तापमान. होडीवर, जेट्टीवर आणि टेम्पोत किती वेळ गेला, हे लॉगरला माहीत नसतं. घड्याळ इथूनच सुरू झालं असं धरणं म्हणजे आधीचे तास माफ करणं.

रात्री ९:३०. पंगतीला पावणेसोळा तास.
रात्रीची ऑर्डर निघते, दरवाजा सारखा उघडतो. कमाल ७.२ अंश, कालावधी १ तास. दुसरी खूण. एकूण अडीच तास.

रात्री १:१०. पंगतीला १२ तास.
लाइट जाते. जनरेटर हॉलच्या दिव्या-पंख्यांना जोडलेला आहे, कोल्डरूमला नाही. लॉगर बॅटरीवर चालतो, म्हणून नोंद तुटत नाही. १:४५ ला हवा मर्यादा ओलांडते. दरवाजाचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलेलं आहे, तिथून उकाडा आत शिरतो.

गजर मात्र वाजत नाही. डिफ्रॉस्टच्या वेळी हवा थोडा वेळ तापतेच, आणि त्या खोट्या गजरांना कंटाळून कुणीतरी त्याला ४५ मिनिटांची उसंत दिली होती. अशी उसंत देणं चूक नाही. ती दिल्यावर मधल्या रात्री मेसेज कोण वाचणार, हे ठरवलेलं नसतं, खरा धोका तिथे आहे. २:३० ला मेसेज जातो आणि झोपलेल्या माणसाच्या फोनवर पडून राहतो.

४:३० ला लाइट येते. हवा तेव्हा ११.८ अंशांवर आहे. कॉम्प्रेसर सुरू होतो, पण कॉइलवर बर्फ धरलेला असल्यामुळे गारवा सावकाश पसरतो. ६:०० वाजता हवा मर्यादेत. तिसरी खूण: ४ तास १५ मिनिटं. एकूण ६ तास ४५ मिनिटं.

इथे हवेचा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. हवा तापली तरी मासा लगेच तापत नाही, आणि ही गोष्ट धीर देणारी वाटते. पण हवा गार झाली तरी रचलेल्या ट्रेंच्या पोटातला मासाही लगेच गार होत नाही. लॉगरचा सेन्सर पंख्याजवळ असेल, तर खोलीतली सगळ्यात गार जागाच तो टिपत असतो. म्हणून सहा वाजता नोंदवही ‘पूर्ववत’ म्हणते, तेव्हा मधल्या ट्रेमधला बांगडा अजून मर्यादेबाहेर असू शकतो.

सकाळी ६:३०. पंगतीला पावणेसात तास.
स्टोअरचा मुलगा मालकांना फोन करतो.
“दादा, रात्री मेसेज आलाय बघा.”
“आता किती दाखवतंय?”
“तीन पॉइंट आठ.”
“मग ठीक आहे. मसाला लावायला घ्या.”

दोघांपैकी कुणीही निष्काळजी नाही. मुलाने कळवलं, मालकांनी विचारलं. पण विचारायला हवं होतं ‘आता किती’ याऐवजी ‘एकूण किती वेळ’. त्या घडीला सव्वा तास शिल्लक होता. मधल्या ट्रेमधल्या जाड तुकड्यात प्रोब थर्मामीटर खुपसलं असतं, मासा लगेच बर्फात घातला असता आणि आवकेच्या वेळचं तापमान माहीत असतं, तर निर्णय घ्यायला काहीतरी हाताशी होतं. आवकेची माहितीच नसेल, तर माझ्या मते हा मासा इथेच बाजूला काढायला हवा होता.

सकाळी ९:१५. पंगतीला ४ तास.
भाज्या, दूध, नारळ आत-बाहेर. दरवाजाला पाट लावून ठेवलेला. १०:३० ला बेरीज ८ तास होते. कुठेही काही वाजत नाही, कारण नोंदवहीत प्रत्येक खूण स्वतंत्र आहे आणि या खुणेचं वय आत्ता फक्त सव्वा तास आहे. १०:४५ ला चौथी खूण बंद: १ तास ३० मिनिटं. एकूण ८ तास १५ मिनिटं.

त्यानंतर ट्रे शेगड्यांजवळ नेले जातात. तिथला वेळ कुठल्याच लॉगरमध्ये नाही, आणि तिथे मासा २१ अंशांवर गेला, तर ८ तासांची मुभाच उरत नाही.

दुपारी १:१५. पंगत.
बांगडा कुरकुरीत तळलेला आहे. तळण्याने जिवाणू मेले, हिस्टामाइन राहिलं. काहींना जिभेवर तिखट चुरचुर जाणवते, ती मसाल्याची वाटते.

दुपारी १:४५.
एका बाईंचा चेहरा आणि मान लालबुंद होते. मग डोकेदुखी, धडधड, अंगावर गांधी. तीनच्या आत आणखी अकराजण. पहिल्या रुग्णाला ‘माशाची ॲलर्जी’ असं निदान होऊ शकतं. त्याच बाई आयुष्यभर बांगडा खात आल्या आहेत आणि एकाच पंगतीतले बाराजण एकदम आजारी आहेत, हे कळलं की डॉक्टरांना हिस्टामाइनची शंका येते. बहुतेकांना अँटिहिस्टामाइनने काही तासांत उतार पडतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांवर मात्र लक्ष ठेवावं लागतं.

शेजारी बसून तोच मासा खाल्लेल्यांना काहीच होत नाही, यावरून ‘मासा चांगलाच होता’ असा वाद उभा राहतो. पण हिस्टामाइन सगळ्या माशांत सारखं पसरत नाही. म्हणूनच युरोपच्या नियमात एका खेपेतून नऊ नमुने घेतात: सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत हवी, १०० ते २०० च्या मधे जास्तीत जास्त दोन चालतात, २०० च्या वर एकही नाही.

दुपारी ४:००.
नोंदवही उघडली जाते. चार खुणा, चारही ‘पूर्ववत’ शेऱ्याने बंद. सगळ्यात मोठी सव्वाचार तासांची. खेपेचा क्रमांक आणि त्या खेपेचा एकूण कालावधी, हे दोन रकाने वहीत नाहीत. खोलीची नोंद आहे, माशाची नाही.

तेवढ्यात कुणीतरी उरलेला १४ किलो कच्चा बांगडा वाया जाऊ नये म्हणून उणे १८ च्या फ्रीझरमध्ये ठेवतो. तिथे जिवाणू थांबतील. पण आधीच झालेलं हिस्टामाइन तसंच राहील, आणि जिवाणूंनी सोडलेलं विकरही टिकून राहील, मासा वितळला की पुन्हा कामाला लागेल. तो माल ‘वापरू नये, नमुना’ अशी चिठ्ठी लावून, वेगळा करून, तपासणीला द्यायचा आहे. चिठ्ठी आत्ता लागली नाही, तर पुढच्या आठवड्यात तोच बांगडा दुसऱ्या कुणाच्या पानात पडेल.