‘गोदो’ वाचताना : पुनरुक्ती, शांतता आणि निरर्थक संवाद

‘वेटिंग फॉर गोदो’ अभ्यासाला घेतलं की पहिल्या निबंधांत एक वाक्य हमखास येतं : या नाटकातली पुनरुक्ती, शांतता आणि असंबद्ध संवाद आधुनिक माणसाच्या जगण्यातली निरर्थकता दाखवतात. वाक्य चूक नाही. पण ते नाटक न उघडताही लिहिता येतं, आणि बेकेटच्या जागी आयनेस्को घातला तरी जसंच्या तसं टिकतं. ज्या वाक्यात नाटकाचं नाव बदललं तरी काहीच बिघडत नाही, त्याला त्या नाटकाचं विश्लेषण म्हणता येत नाही. नाट्यवर्गातल्या विद्यार्थ्याला या वाक्याच्या पुढे नेणं एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे. त्यासाठी मी एकच नाटक घेते आणि त्यातल्या तीनच जागा जरा जवळून दाखवते.

सॅम्युएल बेकेटनं हे नाटक १९४८-४९च्या हिवाळ्यात फ्रेंचमध्ये लिहिलं. ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसच्या ‘थिएत्र द बाबिलोन’मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन रॉजे ब्लँ यांचं होतं आणि पोझोची भूमिकाही त्यांनीच केली होती. इंग्रजी भाषांतर बेकेटनं स्वतः केलं. मार्टिन एस्लिन यांनी अशा नाटकांना ‘थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’ हे नाव दिलं ते १९६० साली, म्हणजे प्रयोगानंतर सात वर्षांनी. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नाटक आधी आलं, नाव मागाहून. विद्यार्थी मात्र बहुधा नावाकडून नाटकाकडे येतात आणि नावात जे ऐकलं तेच संहितेत शोधत बसतात.

पहिली जागा मुलाची. दोन्ही अंकांच्या शेवटाकडे एक मुलगा येतो आणि गोदो आज येणार नाही, उद्या नक्की येईल, असा निरोप देतो. ‘तोच प्रसंग दोनदा घडतो’ असं लिहून आपण पुढे जातो. आता दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवा. वहीच्या पानाचे उभे दोन भाग करा, डावीकडे पहिल्या अंकातलं संभाषण उतरवा, उजवीकडे दुसऱ्यातलं, आणि कोण काय बोललं ते ओळीनं जुळवा. पहिल्या अंकात मुलगा बिचकत येतो, व्लादिमीर त्याला प्रश्न विचारतो आणि निरोप मुलगाच एका दमात सांगून टाकतो. दुसऱ्या अंकात निरोप व्लादिमीरच बोलतो. गोदो आज येणार नाही, उद्या येईल, न चुकता येईल, हे तो एकेक तुकड्यानं सांगत जातो आणि मुलगा फक्त हो किंवा नाही म्हणतो. निरोप तोच, पण सांगणारा बदलला. ज्याला निरोप मिळायचा, त्याला तो आधीच पाठ झाला आहे.

उलट निरोपातही असाच फरक आहे. गोदोला काय सांगू, असं मुलगा दोन्ही वेळा विचारतो. पहिल्या अंकात व्लादिमीर अडखळतो आणि आम्हाला पाहिलंस एवढं सांग म्हणतो. दुसऱ्या अंकात तो तसाच अडखळतो, पण आता ‘आम्हाला’च्या जागी ‘मला’ येतं. एस्ट्रागॉन तिथंच झोपलेला आहे, तरी निरोपातून तो गळाला. शिवाय उद्या येऊन आपल्याला पाहिलंच नाही असं हा मुलगा म्हणेल, ही धास्ती व्लादिमीरला पडते आणि तो मुलाच्या अंगावर धावून जातो. पहिल्या अंकात तो मुलाशी हळुवारपणे बोलत होता, हे आठवलं की या झेपेचं वजन कळतं. दोन दिवसांच्या मधे काय झिजलं, हे आपल्याला एका सर्वनामावरून आणि एका शारीरिक हालचालीवरून समजतं. पुनरुक्तीचं काम इथं दिसतं. ती एक मोजपट्टी देते आणि तिच्यावर बारीकसा बदलही उठून दिसतो. म्हणून ‘काय पुन्हा आलं’ याची यादी केल्यावर काम अर्धंच होतं. पुन्हा येताना काय हललं, ते नोंदवल्यावर ते पुरं होतं.

दुसरी जागा शांततेची. दुसऱ्या अंकात दोघं मृतांच्या आवाजांविषयी बोलतात, तो उतारा मी प्रत्येक वाचकाला मोठ्यानं वाचायला सांगेन. त्याच्या जरा आधी त्यांनी स्वतःच कबूल केलेलं असतं की आपल्याला गप्प राहता येत नाही. आपण बोलतो ते विचार करावा लागू नये म्हणून, ऐकू येऊ नये म्हणून. मग ते आवाज कशासारखे आहेत यावर बोलणं सुरू होतं. व्लादिमीर एक उपमा देतो, एस्ट्रागॉन दुसरी. दोन-चार लहान ओळी होतात आणि शांतता. पुन्हा दोन-चार ओळी, पुन्हा शांतता. व्लादिमीर दर वेळी नवं काही सुचवतो : पंख, वाळू, मग पिसं, शेवटी राख. एस्ट्रागॉन दर वेळी एकाच शब्दावर येऊन थांबतो : पानं. व्लादिमीरची यादी उडत्या पंखापासून गळलेल्या पिसापर्यंत आणि तिथून राखेपर्यंत उतरत जाते, एस्ट्रागॉन मात्र जागचा हलत नाही. मागच्या झाडावर, आदल्या अंकात जे पूर्ण निष्पर्ण होतं त्यावर, इंग्रजी संहितेच्या सूचनेप्रमाणे आता चार-पाच पानं आहेत. या संवादात त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. प्रेक्षकाला ती दिसत असतात.

आता त्या शांततांकडे या. संहितेत ‘विराम’, ‘शांतता’ आणि ‘दीर्घ शांतता’ अशा वेगवेगळ्या सूचना आहेत, आणि हा फरक बेकेटनं जाणूनबुजून ठेवलेला आहे. भाषांतरावरून अभ्यास करणाऱ्यानं आपल्या प्रतीत तो शाबूत आहे ना, हे आधी पाहून घ्यावं. तिन्हींसाठी एकच शब्द वापरला असेल किंवा काही सूचना गाळल्या असतील, तर नाटकाची लयच हातून जाते. मग प्रत्येक शांततेला तीन साधे प्रश्न विचारावेत : तिच्या आधी काय संपलं, ती कोणी मोडली, आणि कशानं मोडली. या उताऱ्यात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थक्क करणारं आहे. दर वेळी शांतता व्लादिमीरच मोडतो, एकदाही एस्ट्रागॉन नाही. आवाजांवरचं बोलणं आटल्यावर दीर्घ शांतता येते. काहीतरी बोल, असं व्लादिमीर म्हणतो. पुन्हा दीर्घ शांतता येते. मग तो कळवळून म्हणतो की काहीही बोल. त्यावर एस्ट्रागॉन जे विचारतो त्यातून आपण परत गोदोच्या वाट पाहण्यावर येतो, आणि पुन्हा शांतता. म्हणजे ‘शांतता पोकळी दाखवते’ हे इथं पुरेसं नाही. एकाला ती सोसत नाही आणि दुसऱ्याला ती सोसते, असा हा दोन माणसांमधला फरक आहे. नटाला उपयोगी पडतो तो हाच फरक. ‘पोकळी’ रंगमंचावर करून दाखवता येत नाही, पण शांतता न सोसणारा माणूस करून दाखवता येतो.

१९७५ साली बर्लिनच्या शिलर थिएटरमध्ये बेकेटनं हे नाटक स्वतः बसवलं. त्या तालमींसाठी केलेल्या वह्यांमध्ये त्यानं नाटकातल्या काही निश्चल जागांना ‘थांबण्याच्या जागा’ म्हणून वेगळं काढलं होतं. त्या ठिकाणी नटांनी स्तब्ध राहायचं. वर्गात प्रयोग करणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं. घाईनं उरकलेली शांतता आणि नीट धरलेली शांतता यांत प्रेक्षकांची चुळबुळ कुठं सुरू होते, ते समोर बसल्याशिवाय कळत नाही.

तिसरी जागा लकीची. पहिल्या अंकात पोझो त्याला विचार करण्याचा हुकूम देतो आणि गळ्यात दोर असलेला हा नोकर विरामचिन्हांशिवाय सुटतो. अभ्यासक बहुतेक वेळा इथं ‘निरर्थक बडबड’ असा शेरा मारून पान उलटतात. मी सुचवते ती रीत कष्टाची आहे, पण सोपी आहे. पेन्सिल घ्या. तोतरेपणातून आलेली अक्षरं, विद्वानांची विचित्र जोडनावं, खेळांच्या याद्या आणि पुन्हा पुन्हा येणारी ‘कारण अज्ञात’ अशा धर्तीची पालुपदं फिकट रेघेनं खोडा. खाली एक वाक्य उरतं आणि त्याचं व्याकरण प्रबंधाचं आहे : अमुक गृहीत धरलं आणि तमुक ध्यानात घेतलं, तर असं सिद्ध होतं की. माझ्या शब्दांत त्याचा मथितार्थ असा : माणसांवर प्रेम करणारा, पण काहींना त्यातून वगळणारा आणि त्याचं कारण न सांगणारा ईश्वर आहे असं मानलं, तरी आहार आणि खेळ सुधारूनही माणूस आटत चालला आहे, आणि ही पृथ्वी दगडांची जागा आहे. बर्लिनच्या तालमी बेकेटनं याच भाषणापासून सुरू केल्या होत्या, आणि स्वर्गाची बेपर्वाई, आक्रसत जाणारा माणूस, दगडांची पृथ्वी असे त्याचे भाग नटांना समजावून दिले होते.

म्हणजे अर्थ आहे. पण म्हणून हे भाषण सरळ करून सोडून दिलं, तर चूक दुसऱ्या बाजूनं होते. खोडलेला मजकूर परत वाचा. विचार शेवटाला पोचत नाही तो त्या खोडलेल्या भागामुळेच. ज्या संस्थांचा आणि संशोधनाचा आधार लकी घेतो, त्यांचं नाव घेतानाच त्याची जीभ अडते आणि सिद्धान्त ठरण्याआधी पुरावा फाटतो. भाषणाच्या समासात बेकेटनं ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रियाही दिल्या आहेत. व्लादिमीर आणि एस्ट्रागॉन आधी लक्ष देऊन ऐकतात, मधे कुरकुर करतात, पुन्हा लक्ष देतात आणि अखेर लकीवर तुटून पडतात. पोझो मात्र पहिल्यापासूनच बेजार असतो आणि त्याचा त्रास वाढत जातो. विचार टाळण्यासाठी बोलणारी दोन माणसं आणि हुकमावरून विचार करणारा तिसरा, अशी ही गाठ आहे. लकीची टोपी काढून घेतल्यावरच तो थांबतो. निबंधात निदान या समासातल्या सूचना याव्यात. मला हाती आलेल्या निबंधांत त्या फार क्वचित दिसल्या आहेत.

एक सावधगिरीही सांगते. ही रीत सापडली की प्रत्येक विरामात दडलेला अर्थ काढण्याचा मोह होतो. काही विराम नटाला श्वास घ्यायला आहेत, काही बुटाच्या किंवा टोपीच्या कामाला वेळ देण्यासाठी आहेत. त्यांना तसंच राहू द्यावं. गोदो म्हणजे ईश्वर की मृत्यू, हा वादही शेवटी नेऊन ठेवावा. त्याचं उत्तर आधी ठरलं की संहितेतला प्रत्येक तपशील त्याच्या बाजूनं साक्ष देऊ लागतो आणि वाचन तिथंच संपतं.

वाचकाला एवढीच विनंती आहे की इतरांची समीक्षा हातात घेण्याआधी दोन्ही अंकांच्या अगदी शेवटच्या ओळी जोडीदारासह मोठ्यानं वाचाव्यात. दोघं निघायचं ठरवतात आणि जागचे हलत नाहीत, हे दोन्हीकडे सारखं आहे. निघायचं का हे कोण विचारतं आणि हो कोण म्हणतं, ते मात्र दुसऱ्या अंकात उलटलेलं आहे. नाटकभर निघू या म्हणणारा कोण होता आणि थांबवणारा कोण, हे आठवून त्या अदलाबदलीवर एक पानभर लिहा. मगच समीक्षेची पुस्तकं उघडा.