सळईपासून बुशापर्यंत : खर्चाचा प्रवास

छोट्या कारखान्यात माल कोठाराच्या दारातून बाहेर पडतो आणि काही दिवसांनी तयार मालाच्या फळीवर जाऊन बसतो. या वाटेवर त्याची किंमत वाढत जाते. ही वाढ नेमकी किती धरायची, यावर मालकाने सांगितलेला दर आणि वर्षअखेरीचा नफा दोन्ही अवलंबून असतात.

भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत पितळी बुश कातणारा एखादा कारखाना उदाहरणादाखल घेऊ. आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत. कोठारात ३०० किलो सळई ५८० रुपये दराने आणि ३०० किलो ६२० रुपये दराने आली आहे. भारित सरासरीने किलोचा दर ६०० रुपये होतो. सही झालेल्या मागणीचिठ्ठीवर ५०० किलो सळई लेथवर गेली, की ३,००,००० रुपये कच्च्या मालाच्या खात्यातून निघून प्रक्रियेतील मालाच्या खात्यात जमतात. हा अद्याप खर्च नव्हे. मालमत्तेने केवळ जागा बदलली आहे.

दुसरी भर मजुरीची. कामगाराने कोणत्या कामावर किती तास घालवले, हे जॉब कार्डावर नोंदवलेले असते. महिन्यात १,००० तास भरले आणि तासाला १०० रुपये पडले, तर १,००,००० रुपये मालावर चढतात.

तिसरी भर वरकड खर्चाची, आणि चूक बहुधा येथेच होते. शेडचे भाडे, पर्यवेक्षकाचा पगार, यंत्रांचा घसारा असा महिन्याचा स्थिर खर्च १,५०,००० रुपये आहे. तो कोणत्याही एका बुशाच्या नावावर दाखवता येत नाही. म्हणून तासाच्या दराने आकारावा लागतो. कारखान्याची सर्वसाधारण क्षमता महिन्याला १,२०० तासांची असल्याने हा दर १२५ रुपये येतो. काम १,००० तासच झाले, तेव्हा मालावर १,२५,००० रुपये चढतात. उरलेले २५,००० रुपये रिकाम्या तासांचे असून ते थेट नफातोट्यात टाकावे लागतात.

कातताना निघालेला १२५ किलो किस ४०० रुपये दराने विकला गेला. त्याचे ५०,००० रुपये मालाच्या किमतीतून वजा केल्यावर प्रक्रियेतील मालाच्या खात्यात ४,७५,००० रुपये उरतात. महिनाअखेर १०,००० बुशांपैकी ८,००० पूर्ण झाले. उरलेले २,००० कातून झाले असले, तरी कडा साफ करणे, पॉलिश आणि तपासणी हे काम बाकी आहे. त्यांच्यात धातू पूर्ण पडला आहे, श्रम मात्र निम्मेच. म्हणून धातूचे २,५०,००० रुपये १०,००० नगांवर आणि मजुरी व वरकड खर्चाचे २,२५,००० रुपये ९,००० नगांवर वाटले जातात. दोन्हीकडून नगामागे २५ रुपये येतात. तयार बुश ५० रुपयांना पडतो; ४,००,००० रुपये तयार मालाच्या खात्यात जातात आणि ७५,००० रुपये अर्धवट मालावर मागे राहतात.

आता मंदीचा महिना घ्या. काम ६०० तासांचेच मिळाले. सारा स्थिर खर्च त्याच तासांवर टाकला, तर तासाचा दर १२५ वरून २५० रुपये होतो आणि तोच बुश सुमारे ६४ रुपयांना पडल्याचे दिसते. मालक त्या हिशेबाने दर वाढवतो, मागणी दुसरीकडे जाते, पुढच्या महिन्यात तास आणखी घटतात आणि बुश कागदावर आणखी महागतो. शिवाय न विकलेल्या मालाच्या किमतीत रिकाम्या यंत्रांचा खर्च दडून राहतो व तोटा पुढच्या वर्षात ढकलला जातो. यासाठीच भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या 'लेखा मानक २'मध्ये स्थिर उत्पादनखर्च सर्वसाधारण क्षमतेवर आकारण्याचा आणि न आकारलेला भाग त्याच काळात खर्ची टाकण्याचा दंडक आहे. विक्रीखर्च आणि अवाजवी नासाडीही मालाच्या किमतीत धरता येत नाही.

नोंदी खऱ्या आहेत की नाहीत, हे तराजू सांगतो. कातलेला बुश साडेसदतीस ग्रॅमचा असेल, तर १०,००० नगांचे ३७५ किलो आणि किसाचे १२५ किलो मिळून ५०० किलो जुळायला हवेत. किस ११० किलोच भरला, तर १५ किलो पितळ कुठे गेले, याचे उत्तर वहीत नव्हे, शेडमध्ये शोधावे लागते : एखादी परत आलेली सळई कोठारात नोंदवायची राहिली असेल, नाकारलेले नग मोजले गेले नसतील किंवा किस फाटकाबाहेर गेला असेल.