अटॅचमेंट ड्राइव्हमध्ये सेव्ह केली, तरी जीमेलची जागा का सुटत नाही?

‘तुमचं स्टोरेज संपत आलं आहे’ ही पट्टी जीमेलमध्ये दिसू लागली की बहुतेक जण एकच उपाय करतात. मोठ्या अटॅचमेंट असलेले मेल उघडायचे, फाइलवरच्या ड्राइव्हच्या चिन्हावर क्लिक करायचं आणि फाइल ‘क्लाउडवर’ पाठवून द्यायची. आता मेलबॉक्स हलका झाला असेल म्हणून आकडा बघायला जावं, तर तो कमी होण्याऐवजी वाढलेला असतो!

यात बिघाड काही नाही. जीमेल, गुगल ड्राइव्ह आणि गुगल फोटोज ही आपल्याला तीन वेगळी कपाटं वाटतात, पण मोफत खात्यात तिन्हींना मिळून एकच १५ जीबी जागा आहे. २०१३ पासून ही जागा अशी एकत्र आहे. जून २०२१ पर्यंत फोटोज कमी दर्जाचे फोटो या हिशेबात धरत नसे, ती सवलतही नंतर बंद झाली. त्यामुळे जीमेलमधली फाइल ड्राइव्हमध्ये टाकणं म्हणजे एकाच खोलीत सामान पलंगावरून टेबलावर ठेवण्यासारखं आहे. त्यातही सामान उचललं जात नाही, त्याची दुसरी प्रत टेबलावर येते. Add to Drive हे बटण फाइल हलवत नाही, तिची नक्कल करतं. मूळ फाइल मेलमध्ये तशीच राहते.

एक हिशेब करून बघू

समजा, एका गृहनिर्माण सोसायटीचं जीमेल खातं आहे. गेली सात-आठ वर्षं ऑडिट रिपोर्ट, कंत्राटदारांची कोटेशन, सभेची इतिवृत्तं, गळतीचे फोटो, सगळं तिथेच येतं. one.google.com/storage या पानावर सेक्रेटरींना दिसतं की जीमेलने ९.४ जीबी, ड्राइव्हने १.९ जीबी आणि फोटोजने ३.२ जीबी घेतले आहेत. म्हणजे एकूण १४.५ जीबी. शिल्लक अर्धा जीबी.

सेक्रेटरी जीमेलच्या सर्च बॉक्समध्ये हे टाकतात:

```
has:attachment larger:10M
```

१० एमबीपेक्षा मोठे, अटॅचमेंट असलेले ६० मेल समोर येतात. प्रत्येक सरासरी २० एमबीचा धरला तर सगळे मिळून साधारण १.२ जीबी. आता या फाइल एकेक करून ड्राइव्हमध्ये टाकायला घेतल्या, तर पंचवीसेक फाइलनंतरच उरलेला अर्धा जीबी संपेल आणि पुढची फाइल सेव्ह होणार नाही. जागा मोकळी करायला बसलेल्या माणसाने खातं भरून टाकलेलं असेल.

बरं, जागा पुरेशी होती असं मानू. साठही फाइल ड्राइव्हमध्ये गेल्या आणि नंतर ते मेल डिलीट केले. मग जीमेल ८.२ जीबीवर येईल, ड्राइव्ह ३.१ जीबीवर जाईल आणि एकूण बेरीज पुन्हा १४.५ जीबीच राहील. दुपारभर काम करून हाती शून्य.

खातं पूर्ण भरलं की नवे मेल येणं थांबतं. पाठवणाऱ्याला मेल परत आल्याची सूचना जाते, आपल्याला मात्र काहीच कळत नाही. सोसायटीच्या बाबतीत तो मेल एखाद्या नोटिशीचा असू शकतो. मेल पाठवताही येत नाहीत. त्यामुळे १४.५ हा आकडा दिसला की लगेच हालचाल केलेली बरी.

मग जागा खरोखर सुटते कधी?

फाइल त्या १५ जीबीच्या बाहेर गेली आणि मूळ मेलही निघाला, तरच. बाहेर म्हणजे संगणकावर, पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या खात्याच्या क्लाउडवर. सोसायटीच्या साठ मेलपैकी बरेचसे तर कुठेही हलवायची गरजच नसते. एकच कोटेशन कंत्राटदाराने तीनदा पाठवलेलं असतं आणि सेक्रेटरींनी ते कमिटीला फॉरवर्ड केलेलं असतं. फॉरवर्ड केलेल्या मेलसोबत फाइलची आणखी एक प्रत Sent मध्ये बसते. मला विचाराल, तर सफाईची सुरुवात Sent पासूनच करावी. तिथल्या बहुतेक फाइल आपल्याकडे दुसरीकडे असतातच. त्यासाठी शोध असा लिहायचा:

```
in:sent has:attachment larger:10M
```

डिलीट करताना दोन गोष्टी लोकांना फसवतात. पहिली म्हणजे, जीमेलमध्ये मेल ठेवून फक्त अटॅचमेंट काढून टाकण्याची सोय नाही. फाइल घालवायची तर मेलही जातो. दुसरी त्याहून वाईट आहे. जीमेल एका विषयाचे सगळे मेल एकत्र बांधून दाखवतं. यादीतून खूण करून डिलीट केलं, तर त्या एका मोठ्या मेलबरोबर पुढची-मागची सगळी चर्चाही जाते. कंत्राटदाराशी दरावरून झालेली घासाघीस त्यात होती, हे मग भांडणाच्या वेळी आठवतं. म्हणून ती चर्चा उघडायची, मोठी फाइल असलेल्या मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जायचं आणि Delete this message हा पर्याय निवडायचा. फक्त तेवढाच मेल जातो.

डिलीट केलेला मेल ३० दिवस Trash मध्ये राहतो आणि तोवर जागा अडवतो. हिशेब लगेच कमी व्हायला हवा असेल तर Trash रिकामं करावं लागतं. ड्राइव्हच्या कचरापेटीचंही तसंच. त्यानंतरही स्टोरेजचा आकडा लगेच हलत नाही, काही वेळ जाऊ द्यावा लागतो. तेवढ्यात घाबरून आणखी चार मेल उडवू नका.

तर मग ड्राइव्हमध्ये सेव्ह करायचंच कशाला?

जागेसाठी नाही, फाइल हाताशी राहावी म्हणून. ऑडिट रिपोर्ट मेलमध्ये असेल, तर नव्या खजिनदाराला तो पुन्हा पाठवावा लागतो आणि आणखी एक प्रत तयार होते. ड्राइव्हमधल्या फोल्डरमध्ये असेल, तर खजिनदाराला त्या फोल्डरची परवानगी दिली की झालं. पुढच्या वर्षी कमिटी बदलली की परवानगी काढून घेता येते. मेलने गेलेली फाइल मात्र परत मागवता येत नाही.

पण ड्राइव्हमध्ये आलेली फाइल आपला संदर्भ मागे सोडून येते. मेलमध्ये ती कोणी, कधी, कोणत्या विषयावर पाठवली हे सगळं सोबत असतं. ड्राइव्हमध्ये उरतं फक्त ‘scan0003.pdf’ असं नाव, आणि तारीख दिसते ती आपण सेव्ह केल्याची. सहा महिन्यांनी असल्या दहा स्कॅनमधून हवा तो शोधणं मेलमध्ये शोधण्यापेक्षा अवघड जातं. म्हणून सेव्ह करतानाच नाव बदलावं: ‘२०२३-०८ गच्ची वॉटरप्रूफिंग कोटेशन’ असं काहीतरी. वर्ष आणि महिना आधी लिहिले की फाइल आपोआप क्रमाने लागतात.

आणि शेअर करताना परवानगी नीट वाचा. ‘Anyone with the link’ निवडलं आणि ती लिंक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, तर ग्रुपबाहेर ज्याच्याकडे ती पोहोचेल त्यालाही फाइल उघडता येईल. सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती ज्या फोल्डरमध्ये आहेत त्यासाठी हा पर्याय चुकूनही नको. तिथे Restricted ठेवून एकेकाचा ईमेल पत्ता घालणंच योग्य.

काही मेल मात्र फाइल दुसरीकडे ठेवल्यावरही डिलीट करू नयेत. करार, विमा, बँक, सरकारी कार्यालय यांच्याशी झालेल्या व्यवहारात नुसती पीडीएफ पुरत नाही. ती अमुक दिवशी अमुक पत्त्यावरून आली, हे मेलच दाखवतो. अशा मेलची प्रत संगणकावर ठेवायची असेल तर त्याच तीन ठिपक्यांमध्ये Download message हा पर्याय आहे. त्यातून ‘.eml’ अशा शेवटाची फाइल मिळते. मजकूर, पाठवणाऱ्याची माहिती आणि अटॅचमेंट हे सगळं तिच्यात एकत्र असतं.

अटॅचमेंटसारखी दिसणारी लिंक

आता एक असा प्रकार, ज्यात नुकसान जागेचं नाही तर फाइलचंच होतं. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली, की ती मेलसोबत जात नाही. ती पाठवणाऱ्याच्या ड्राइव्हवर चढते आणि आपल्याला तिची लिंक येते. ही फाइल आपल्या १५ जीबीत मोजली जात नाही, कारण ती आपली नसतेच. आपण सात वर्षं तो मेल जपून ठेवला, तरी आर्किटेक्टने आपला ड्राइव्ह साफ केला किंवा त्याचं ऑफिस बंद होऊन खातं गेलं, की इमारतीचे नकाशे गेले. आपल्याकडे उरतो तो मेल, आणि लिंकवर क्लिक केल्यावर परवानगी मागणारं किंवा फाइल सापडत नाही असं सांगणारं पान.

इथेही ‘ड्राइव्हमध्ये टाकलं’ म्हणून निर्धास्त राहू नका. दुसऱ्याची फाइल आपल्या ड्राइव्हमध्ये जोडली की तिथे फक्त शॉर्टकट तयार होतो. मूळ फाइल पुसली की शॉर्टकट निकामी होतो. खात्री करायची असेल तर ड्राइव्हमध्ये त्या फाइलच्या तपशिलात Owner कोण आहे ते पाहा. तिथे ‘me’ नसेल, तर फाइल तुमची नाही. अशी महत्त्वाची फाइल Make a copy करून घ्यावी किंवा सरळ डाउनलोड करावी. मग ती तुमच्या जागेत मोजली जाईल, पण निदान ती तुमची असेल.

गुगलबाहेरही हिशेब फारसा वेगळा नाही. मायक्रोसॉफ्टच्या मोफत खात्यात आउटलुकच्या मेलबॉक्सला १५ जीबी आणि वनड्राइव्हला ५ जीबी अशी वेगळी जागा दिसते. पण २०२३ पासून आउटलुकमधल्या अटॅचमेंट त्या ५ जीबीच्या क्लाउड हिशेबातही धरल्या जातात. म्हणजे आउटलुकची अटॅचमेंट त्याच खात्याच्या वनड्राइव्हमध्ये सेव्ह केली, तर लहान कप्पा दोन्ही बाजूंनी भरतो. अॅपलच्या आयक्लाउडमध्येही मोफत ५ जीबीत मेल, फोटो आणि बॅकअप एकत्रच असतात.

सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी क्रम असा लागतो: आधी Sent मधले मोठे मेल आणि दुबार कोटेशन काढायची, मग Trash रिकामं करायचं. जुने गळतीचे फोटो सोसायटीच्या संगणकावर उतरवून, दोन-चार उघडून नीट दिसतात का ते पाहून, मगच त्यांचे मेल डिलीट करायचे. एवढं झालं आणि साठही मेल निकालात निघाले, तर १४.५ चे १३.३ जीबी होतात. सगळ्यांना लागणारे ऑडिट रिपोर्ट आणि इतिवृत्तं ड्राइव्हमध्ये टाकायची ती त्यानंतर, जागा झाल्यावर.