उचकी आणि करंबळ

आडवे कापले की चांदणीसारख्या पाचकोनी चकत्या देणारे करंबळ, म्हणजेच कमरख, नांदेड-लातूरच्या बाजारात बोरा-पेरूइतके नेहमीचे नाही. कोकण-गोव्यात मात्र ते जुने. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. पोर्तुगीजांनी उचललेले 'कारांबोला' हे नावही मराठी 'करंबळ'वरूनच आले असे मानतात.

या फळाविषयी संशय पुढे ब्राझीलमध्ये बळावला. डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांना करंबळ खाल्ल्यावर न थांबणारी उचकी लागते, असे तेथील डॉक्टरांनी 1993 मध्ये नोंदविले. उचकी लागली की कोणी तरी आठवण काढली, असे आपण म्हणतो; येथे ती धोक्याची पहिली खूण होती. 2003 मध्ये 32 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात उचकी, उलट्या व निद्रानाशापासून भ्रम, झटके आणि बेशुद्धीपर्यंत सर्व पायऱ्या दिसतात. काही रुग्ण दगावलेही.

मग दोषी कोण? प्रथम बोट गेले ते ऑक्झलेटकडे, कारण करंबळात ते भरपूर असते. त्याचे कॅल्शियमबरोबर स्फटिक बनून मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकतात. उपाशीपोटी भरपूर रस प्याल्यास धडधाकट माणसाचे मूत्रपिंडही त्यामुळे बिघडल्याची उदाहरणे आहेत. पण ज्याचे मूत्रपिंड आधीच निकामी आहे, त्याला फळ खाल्ल्यावर काही तासांतच झटके का यावेत, याचा उलगडा या स्फटिकांनी होत नव्हता.

ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाच्या रिबेराव प्रेतो येथील संशोधकांनी फळाच्या अर्काचे घटक वेगळे करीत नेले आणि कोणत्या भागाने उंदरांना झटके येतात ते पाहिले. 2013 मध्ये त्यांनी त्या द्रव्याला 'कॅरॅम्बॉक्सिन' असे नाव दिले. फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाशी त्याची ठेवण जुळते. मेंदूत ग्लुटामेट ज्या ग्राहींवर बसून चेतापेशींना उत्तेजित करते, त्यांतील काहींना हे द्रव्यही चेतवते. पेशींची उत्तेजना आवरेनाशी झाली की झटके येतात. ऑक्झलेटला मात्र अजून पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. मेंदूवरील परिणामात त्याचाही हात असावा, असे काही प्रयोग सुचवितात.

निरोगी मूत्रपिंड हे विष लघवीवाटे बाहेर टाकते. ते काम थांबले की विष रक्तात साचते, आणि मग अर्धे फळही पुरेसे ठरू शकते. गंभीर रुग्णांना वाचविण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे ताबडतोब आणि गरजेनुसार पुनःपुन्हा यंत्राने रक्ताचे डायलिसिस करणे. पोटातून केले जाणारे डायलिसिस अशा वेळी पुरे पडत नाही.

रुग्णालयात या विषाची नेहमीची रक्ततपासणी नसते. निदान होते ते 'काय खाल्ले?' या प्रश्नाने. कोणी कमरख म्हणेल, कोणी करंबळ, कोणी स्टार फ्रूट. म्हणून चांदणीसारखी चकती कागदावर काढून विचारणे अधिक बरे.