हील ड्रॉप आणि स्टॅक हाइट: पातळ तळाच्या शूजकडे वळताना पोटरी आणि पायाची हाडं का दुखतात?

रनिंग शूज ऑनलाइन बघताना किमतीच्या खाली दोन आकडे दिसतात. उदाहरणार्थ, 'स्टॅक ३८/२८ मिमी' आणि 'ड्रॉप १० मिमी'. बरेच जण ते न वाचताच पुढे जातात. जाड गादीच्या शूजमधून पातळ तळाच्या, म्हणजे मिनिमलिस्ट शूजकडे जायचं असेल, तर मात्र हे आकडे नीट समजून घ्यायला हवेत. हे दोन आकडे शरीराच्या दोन वेगवेगळ्या भागांवर परिणाम करतात. दोन्ही एकदम कमी केले, तर दोन्ही भागांवर एकाच वेळी नवा भार येतो.

हे आकडे नेमके काय सांगतात?

पाय आणि जमीन यांच्यामध्ये बुटाचा जो काही थर असतो, त्याची जाडी म्हणजे स्टॅक हाइट. यात जमिनीला टेकणारं रबर, मधला फोम म्हणजे मिडसोल आणि आतला इनसोल येतो. ही जाडी दोन ठिकाणी मोजतात, टाचेखाली आणि चवड्याखाली. '३८/२८' याचा अर्थ टाचेखाली ३८ मिलिमीटर आणि चवड्याखाली २८ मिलिमीटर.

या दोन जाड्यांमधला फरक म्हणजे ड्रॉप. इथे तो १० मिलिमीटर आहे. टाच चवड्यापेक्षा किती उंचावर आहे, हे त्यावरून कळतं.

१० मिलिमीटर म्हणजे फारच थोडं वाटतं. पण मोठ्या माणसाच्या पायात टाचेच्या मध्यापासून चवड्यापर्यंतचं अंतर साधारण १६ ते १७ सेंटीमीटर असतं. तेवढ्या अंतरात १० मिलिमीटरचा उतार म्हणजे जवळपास साडेतीन अंश. म्हणजे बूट घातला की आपण छोट्याशा उतारावर, टाच वर आणि बोटं खाली अशा स्थितीत उभे असतो.

ड्रॉप शून्य असला म्हणजे बूट मिनिमलिस्ट झाला, असं मात्र नाही. अल्ट्रा या अमेरिकी कंपनीचे बहुतेक शूज शून्य ड्रॉपचे असतात, पण त्यांतल्या काही मॉडेल्समध्ये टाचेला आणि चवड्याला दोन्हीकडे ३० मिलिमीटरच्या आसपास जाड गादी असते. मिनिमलिस्ट बूट कशाला म्हणायचं, यावर २०१५ मध्ये तज्ज्ञांनी पाच निकष ठरवले: वजन, लवचिकपणा, ड्रॉप, स्टॅक हाइट आणि पायाला आधार देण्यासाठी बसवलेले भाग. ड्रॉप हा त्यातला फक्त एक निकष आहे.

ड्रॉप कमी केला की भार कुठे जातो?

टाचेच्या मागे पोटरीला हाडाशी जोडणारी जाड दोरीसारखी शीर असते. तिला अकिलीस टेंडन म्हणतात. टाच उंचावर असली की पोटरी आणि ही शीर थोड्या सैल, आखूड स्थितीत काम करतात. टाच खाली आली की त्यांना प्रत्येक पावलाला थोडं जास्त ताणावं लागतं.

त्यात आणखी एक बदल होतो. गादी कमी झाल्यावर अनेक जण नकळत टाचेऐवजी तळव्याच्या मध्यावर किंवा चवड्यावर पाऊल टाकू लागतात. मग खाली येणारी टाच सावरून धरायचं काम पोटरीकडे येतं. गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो, पण तो नाहीसा होत नाही. तो घोट्याकडे आणि पोटरीकडे सरकतो. त्यामुळे कमी ड्रॉपच्या शूजमध्ये एखाद्याचा गुडघा बरा वाटतो आणि दुसऱ्याची पोटरी धरते. दोघांचा अनुभव खरा असतो.

हा भार किती वेळा पडतो, तेही पाहू. किलोमीटरला साडेसहा मिनिटं या वेगाने ५ किलोमीटर धावायला साडेबत्तीस मिनिटं लागतात. मिनिटाला १७० पावलं धरली, तर साधारण साडेपाच हजार पावलं होतात. म्हणजे एका पोटरीच्या वाट्याला पावणेतीन हजार वेळा हा नवा ताण येतो, तोही एकाच सकाळी.

'आपण तर घरात अनवाणीच वावरतो, सपाट चपला घालतो, मग सवय आहेच की,' असं अनेकांना वाटतं. ती सवय चालण्याची आहे. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो. धावताना दर पावलाला शरीर हवेतून एका पायावर येतं आणि जमिनीचा दाब वजनाच्या दोन ते तीन पट होतो. घरात अनवाणी फिरणारी पोटरी त्यासाठी आपोआप तयार झालेली नसते.

गादी पातळ केली की काय होतं?

स्टॅक कमी करण्याचा परिणाम मुख्यतः पायाच्या हाडांवर होतो. बोटांच्या मागे, तळव्यात पाच लांब हाडं असतात. त्यांना मेटाटार्सल म्हणतात. जाड आणि कडक तळाच्या बुटात भार पसरतो. पातळ, लवचिक बुटात पाय जास्त वाकतो आणि हाच भार या हाडांवर, विशेषतः दुसऱ्या आणि तिसऱ्या हाडावर, जास्त येतो.

स्नायूवर ताण आला की तो दुखून सांगतो. हाड बराच काळ काहीच सांगत नाही. नवा ताण पडू लागला की हाड आधी थकलेला भाग काढून टाकतं आणि नवा भाग नंतर भरतं. या पूर्ण चक्राला तीन-चार महिने लागतात. म्हणजे मधले काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा थोडं कमजोर असतं. नेमकं याच काळात पोटरीचं दुखणं थांबलेलं असतं आणि 'जमलं बुवा' म्हणून माणूस अंतर वाढवतो.

२०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं. अनुभवी हौशी धावपटूंनी १० आठवड्यांत पाच बोटांच्या, अगदी पातळ तळाच्या शूजची सवय करायची होती. आधी आणि नंतर पायांचं एमआरआय केलं. नव्या शूजच्या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडात ताणामुळे येणारी सूज वाढलेली दिसली. नेहमीचे शूज वापरणाऱ्या १७ जणांत अशी व्यक्ती एकच होती. ही मंडळी नवखी नव्हती आणि बदलही एका दिवसात केलेला नव्हता. १० आठवडेसुद्धा अनेकांच्या हाडांना कमी पडले.

एक उदाहरण: ३८/२८ वरून १०/१० कडे

समजा, तुम्ही आठवड्यात चार दिवस मिळून ३० किलोमीटर धावता. आत्ताचा बूट ३८/२८ आहे आणि १०/१० च्या शून्य ड्रॉप बुटाकडे जायचं आहे. थेट उडी मारली तर टाच २८ मिलिमीटर खाली येते आणि चवड्याखालचीही १८ मिलिमीटर गादी जाते. पोटरी आणि हाडं, दोघांची परीक्षा एकाच दिवशी.

त्याऐवजी मध्ये एक पायरी घ्या, उदाहरणार्थ २८/२४ चा बूट. यात ड्रॉप १० वरून ४ वर येतो, पण चवड्याखालची गादी फक्त ४ मिलिमीटरने कमी होते. म्हणजे ही पायरी मुख्यतः पोटरीची आहे. आधी एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करून पाहा. सलग २० वेळा नीट जमत नसेल, तर काही आठवडे तोच व्यायाम करा आणि मग शूज बदला.

पहिले दोन आठवडे चारपैकी दोन दिवस, धावण्याची सुरुवातीची दीड-दीड किलोमीटर नव्या बुटात करा. उरलेलं अंतर जुन्याच बुटात. घराभोवती किंवा मैदानाभोवती फेरी आखली की मध्ये शूज बदलता येतात. नवा बूट सुरुवातीलाच घालावा. शेवटी पोटऱ्या थकलेल्या असतात. आठवड्याच्या या ३ किलोमीटरचे दर दोन आठवड्यांनी ६, १०, १५, २२ आणि शेवटी ३० करा. एकूण बारा आठवडे लागतात. आठवड्याचं एकूण अंतर या काळात वाढवायचं नाही.

दुसरी पायरी २८/२४ वरून १०/१० ची. इथे ड्रॉप फक्त ४ ने कमी होतो, पण चवड्याखालची १४ मिलिमीटर गादी जाते. ही हाडांची पायरी आहे, म्हणून ती आणखी सावकाश. आठवड्यात दोनदा एकेक किलोमीटरपासून सुरुवात आणि चार-पाच महिन्यांची तयारी. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावून फेब्रुवारीत सुरुवात केली, तर पूर्ण बदल व्हायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडेल. शर्यतीच्या तयारीच्या मध्यात हा बदल सुरू करू नये.

आकडे थोडे सैल धरा. प्रत्येक कंपनीची मोजण्याची पद्धत सारखी नसते. काही जण इनसोल धरतात, काही धरत नाहीत. मऊ फोम वजनाखाली दबतो, आणि टाचेवर पाऊल टाकणाऱ्यांच्या जुन्या बुटात टाचेकडचा फोम आधीच बसलेला असतो. एक-दोन मिलिमीटरच्या फरकाची चिंता नको. पाच-सहा मिलिमीटरचा फरक मात्र खरा असतो.

कोणतं दुखणं चालेल, कोणतं नाही?

दोन्ही पोटऱ्या सारख्याच, पसरून दुखत असतील आणि दोन दिवसांत मोकळ्या होत असतील, तर ती सवयीची दुखण आहे. पुढचं धावणं त्यानंतर करा.

सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाकताना टाचेच्या थोडं वर, मागच्या शिरेत कडकपणा किंवा दुखणं जाणवलं, तर मागच्या टप्प्यावर या. रोज ते वाढत असेल, तर जुन्या बुटात परत जा.

पायाच्या वरच्या बाजूला एका जागी बोट ठेवून 'इथेच दुखतं' असं दाखवता येत असेल, तिथे सूज असेल आणि धावताना दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर त्याच दिवशी धावणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेला असेल, तर तो पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून पुन्हा धावायला जाऊ नका. दुखणं तसंच असेल तर एमआरआयची गरज आहे का, ते विचारा.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी पातळ तळाच्या वाटेला जाऊ नये. दुखणं जाणवलंच नाही, तर थांबायचं कधी हे कळणार नाही. अकिलीसचा जुना त्रास असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

मग बदलायचंच का?

कमी ड्रॉप म्हणजे कमी दुखापत, असं सरसकट म्हणता येत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५३ हौशी धावपटूंना १०, ६ किंवा ० मिलिमीटर ड्रॉपचे शूज देऊन सहा महिने पाहिलं गेलं. तिन्ही गटांच्या दुखापतींत एकूण फरक दिसला नाही. मात्र कधीमधी धावणाऱ्यांना कमी ड्रॉपमध्ये धोका कमी होता आणि नियमित धावणाऱ्यांना जास्त.

म्हणून गुडघा कुरकुरत असेल आणि पोटऱ्या दणकट असतील, तर ड्रॉप थोडा कमी करून पाहायला कारण आहे. काहीच दुखत नसेल, तर ३८/२८ मध्येच राहण्यात काही चूक नाही. आणि ड्रॉप कमी करून बरं वाटलं, तर तिथेच थांबताही येतं. गादी पातळ करणं हा वेगळा निर्णय आहे.