थकलेल्या बिलावर व्याज: मोठ्या खरेदीदाराला नोटीस कशी द्यावी

माल उचलला, पण पैसे महिनोन्‌महिने अडकवले, हा प्रकार भिवंडी-मालेगावच्या कापड कारखानदारांना नवा नाही. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात त्यावर उपाय आहे. मात्र सूक्ष्म किंवा लघु कारखानदाराची उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असावी.

उधारीची मुदत कितीही ठरवली, तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपुढे ती चालत नाही. समजा, ऑर्डरवर 60 दिवस लिहिलेत आणि 1 एप्रिलला 2 लाखांचे कापड पोचले. तरी 16 मेपर्यंत पैसे यायला हवेत. 17 मेपासून व्याज लागते. दर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, आणि दरमहा चक्रवाढ. बँक दर 6 टक्के धरला तर महिन्याला दीड टक्का होतो. पहिल्या महिन्याचे 3,000, दुसऱ्याचे 3,045. म्हणजे 16 जुलैअखेर 6,045 रुपये.

नोटिशीत आपण उद्यम क्रमांक, बिल आणि चलनाचा नंबर, माल पोचल्याची तारीख आणि हा हिशेब महिनावार लिहावा.

नोटीस गेली की "माल खराब होता" असे उत्तर हमखास येते. पण हरकत माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी घ्यावी लागते. नाहीतर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे कायदा धरतो. म्हणून सही-शिक्क्याचे चलन सांभाळून ठेवावे. तरीही पैसे आले नाहीत, तर राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो.